पाच दिवसांची बिनपगारी असाइनमेंट: हो म्हणण्याआधी काय विचारायचं, आणि कोणत्या शब्दांत?

कोरी_पाटी

फ्रंटएंडचं काम करते, सध्या नोकरीत आहे. एका कंपनीच्या रिक्रूटरशी फोनवर बोलणं झालं आणि दुसऱ्याच दिवशी असाइनमेंट आली. पाच दिवसांत द्यायची आहे. मजकूर थोडक्यात असा:

"ऑर्डर सांभाळण्यासाठी अ‍ॅडमिन पॅनेल तयार करा. लॉगिन असावं. अ‍ॅडमिन, मॅनेजर आणि साधा वापरकर्ता अशा तीन भूमिका असाव्यात. ऑर्डरच्या यादीत शोध, फिल्टर आणि पानं हवीत. विक्रीचे आलेख हवेत. मोबाईलवर नीट दिसलं पाहिजे. टेस्ट लिहाव्यात. कुठेतरी होस्ट करून लिंक द्यावी. कोड प्रॉडक्शनच्या दर्जाचा असावा."

किती तास द्यायचे, यातलं काय महत्त्वाचं, कोण बघणार, यातलं काहीच लिहिलेलं नाही. पैशांचा तर विषयच नाही. मला ही नोकरी हवी आहे, त्यामुळे "असलं काही करूच नका" हा सल्ला नको. विचारावं का, आणि विचारलं तर कसं, एवढंच सांगा.

फटकळ

असलं काही करूच नका. (सांगितल्याशिवाय राहवलं नाही.)

सावध_पाऊल

माझं मत उलट आहे. मुदत पाच दिवस दिली आहे म्हणजे वेळेचा प्रश्न सुटला. वर आणखी तास किती, काय वगळू असं विचारत बसलात तर काम टाळणारी अशी छाप पडते. आलेल्या इतर उमेदवारांनी न विचारता करून दिलं तर तुम्ही मागे पडणार. एकच विचारा, होस्टिंग कुठे करू. बाकी स्वतः ठरवा, त्यातच तुमची समज दिसते.

अनुभवी_माणूस

प्रोबेशनमध्ये पगार न देणं चुकीचंच आहे. मी जिथे लागलो तिथे पहिले तीन महिने अर्धा पगार होता आणि कायम करण्याचं पत्र सहा महिन्यांनी मिळालं. ऑफर लेटरमध्ये ट्रायल पिरियडची तारीख लिहून घ्या, नाहीतर लोंबकळत ठेवतात.

कोरी_पाटी

अनुभवी_माणूस, धन्यवाद, पण माझं अजून ऑफरपर्यंत पोचलेलंच नाही. ही निवडीतलीच पायरी आहे, मुलाखतीच्याही आधीची.

तपासनीस

मी अशा असाइनमेंट तयारही केल्या आहेत आणि तपासतोही, म्हणून जरा लांब लिहितो.

सावध_पाऊल यांचं अर्धं बरोबर आहे. स्वतः निर्णय घेणारा उमेदवार आवडतो, हे खरंच. पण मुदत आणि मेहनत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाच दिवस म्हणजे काम कधीपर्यंत पोचवायचं ते. त्यात चार तास घालायचे की चाळीस, ते त्यावरून कळत नाही. असाइनमेंट देणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा एक आकडा असतो, कागदावर तो उतरलेला नसतो. आणि तो आकडा नेहमी कमी असतो, कारण लिहिणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं. त्याच्याकडे चालू प्रकल्पातलं लॉगिन आहे, टेबलाचा तयार घटक आहे, डेटा आहे. तुम्ही रिकाम्या फोल्डरपासून सुरुवात करता.

दुसरं, "प्रॉडक्शनच्या दर्जाचा" हे दोन शब्द सगळ्यात घातक. बाकीची यादी लांब असली तरी तिला शेवट आहे, या शब्दांना नाही. चुकांची नोंद, सुरक्षितता, वेग, स्क्रीन रीडरवर वाचता येणं, सगळंच त्यात बसतं. उमेदवार तिथेच वाहवत जातात. लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा एवढंच म्हणायचं असतं की नावं धड ठेवा आणि console.log मागे सोडू नका.

म्हणून विचारा, पण नुसता प्रश्न टाकू नका. "किती तास अपेक्षित आहेत?" एवढंच विचारलं तर रिक्रूटर म्हणणार, "तुम्हाला हवा तेवढा वेळ घ्या." त्याचा काही उपयोग नाही. आधी स्वतः यादी फोडून तासांचा अंदाज काढा. मग तुम्ही किती तास देऊ शकता, त्यात काय होईल आणि काय राहील ते सांगा, आणि हे चालेल का ते विचारा. समोरच्याला हो किंवा नाही म्हणता आलं पाहिजे.

कोरी_पाटी

आत्ता बसून अंदाज काढला. प्रकल्प उभा करणं आणि खोटा डेटा बनवणं दोन तास. लॉगिन आणि भूमिका चार, कारण तीन भूमिका म्हणजे प्रत्येक पडद्यावर कोणाला काय दिसणार ते ठरवायचं. यादी, शोध, फिल्टर, पानं मिळून चार. आलेख दोन, मोबाईल दोन, टेस्ट तीन, होस्टिंग आणि README दोन. बेरीज १९ तास. पाचही दिवस कामाचे आहेत, म्हणजे ऑफिसनंतर रोज जवळपास चार तास. आणि हे सगळं पहिल्या फटक्यात चाललं तर!

तपासनीस

अंदाज वाजवी वाटतो. भूमिकांना चारपेक्षा जास्तच लागतील.

आता तपासताना काय होतं ते सांगतो, म्हणजे काय वगळायचं ते कळेल. एका सबमिशनला मला अर्धा तास मिळतो, कधी त्याहून कमी. README उघडतो, सांगितल्याप्रमाणे चालतं का बघतो. मग एखादी वाकडी गोष्ट करून बघतो. शोधपेटीत भलतंच टाकतो, नाहीतर शेवटच्या पानावर जाऊन फिल्टर बदलतो. फिल्टर बदलल्यावर पान पहिल्यावर परत आलं नाही तर रिकामी यादी दिसते. हे इतक्या जणांचं होतं की मी आधी तेच बघतो. मग एक-दोन फाइली नीट वाचतो आणि टेस्ट खरंच काही तपासतात का ते पाहतो. आलेख लायब्ररीतून आलेला असतो, त्यावर नजर फिरते आणि पुढे जातो. लॉगिन खरं आहे की नकली, याने माझा निर्णय कधी बदललेला नाही. अर्थात हे माझं झालं. त्यांना काय बघायचंय ते त्यांनाच विचारावं लागेल.

शब्दवेल्हाळ

माझं क्षेत्र अनुवादाचं, पण दुखणं तेच. आमच्याकडे नमुना म्हणून अडीचशे-तीनशे शब्द देणं सर्वसाधारण आहे, तेवढं कोणी नाकारत नाही. एकदा मला चार हजार शब्दांचा "नमुना" आला. मजकूर एका यंत्राच्या माहितीपुस्तिकेचा होता, आणि सुरुवात होती "वरील आकृतीत दाखवल्याप्रमाणे". वर आकृती नव्हतीच. म्हणजे पुस्तिकेचे तुकडे करून वेगवेगळ्या उमेदवारांना वाटले असावेत. मी लिहिलं की पहिले तीनशे शब्द नमुना म्हणून करते, बाकीचं माझ्या दराने. उत्तर आलंच नाही. माझ्यापुरतं तेच उत्तर.

कोरी_पाटी, तुमच्या असाइनमेंटमध्ये त्यांचा खरा डेटा किंवा त्यांच्या खऱ्या एपीआयचा पत्ता आहे का? असेल तर सावध राहा.

कोरी_पाटी

नाही, डेटा मीच बनवायचा आहे. पण "ऑर्डर सांभाळण्यासाठी" म्हटलंय आणि त्यांचा धंदाही तोच आहे, त्यामुळे शंका येतेच.

कायदेपंडित

घाबरायचं काही कारण नाही. तुम्ही त्यांच्या नोकरीत नाही, कोड तुम्ही लिहिला, कॉपीराइट आपोआप तुमचाच. ते वापरूच शकत नाहीत.

रात्रपाळी

कायदेपंडित, एवढं सोपं नाही हो. कॉपीराइट आपोआप मिळतो आणि त्यासाठी नोंदणी लागत नाही, हे बर्न करार मानणाऱ्या देशांत खरं आहे. पण संरक्षण लिहिलेल्या कोडला मिळतं, कल्पनेला नाही. तुमचा पडदा बघून त्यांनी तीच मांडणी स्वतः पुन्हा लिहिली तर काय करणार? आणि असाइनमेंटच्या लिंकवर गेल्यावर "मान्य आहे" म्हणून एक चौकोन टिचकावतो ना आपण, त्यात कधी कधी सगळे हक्क कंपनीकडे जातील असं लिहिलेलं असतं. मुदत विचारण्याआधी ते वाचा.

बाय द वे, कोडसाठी चोरीची भीती मला जरा अवाजवी वाटते. पाच दिवसांत कोणीतरी बाहेरून लिहिलेलं पॅनेल स्वतःच्या प्रणालीत बसवणं हे पुन्हा लिहिण्यापेक्षा कटकटीचं. डिझाइन, मजकूर, अनुवाद, मार्केटिंगची योजना, तिथे मात्र काम जसंच्या तसं उचलता येतं.

तपासनीस

सहमत. इथे खरा तोटा वेळेचा आहे. मेलचा मसुदा देतो, हवा तसा बदला. असाइनमेंट आल्यावर शक्यतो त्याच दिवशी पाठवा. चौथ्या दिवशी विचारलं की ती सबब वाटते.

"नमस्कार. असाइनमेंट मिळाली, नीट वाचली. सुरू करण्याआधी तीन गोष्टी विचारते.

पहिली, यासाठी साधारण किती तास अपेक्षित आहेत? यादीतलं सगळं करायला माझ्या अंदाजाने १८ ते २० तास लागतील. मी सहा तास देऊ शकते.

दुसरी, सहा तासांत मी ऑर्डरची यादी, शोध, फिल्टर, पानं आणि त्या भागाच्या टेस्ट पूर्ण करेन. लॉगिन नकली असेल, भूमिका बदलायला एक बटण देईन. आलेख आणि होस्टिंग करणार नाही, ते कसं केलं असतं ते README मध्ये लिहीन. वगळलेल्यातलं काही तुम्हाला बघायचंच असेल तर सांगा, मी त्याऐवजी दुसरं काही कमी करेन.

तिसरी, काम कोण पाहणार आहे, आणि नंतर त्यावर बोलायला वेळ मिळेल का?

हा मेल तांत्रिक टीमकडे पाठवला तरी चालेल. मुदत तुमचं उत्तर आल्यापासून धरावी ही विनंती."

शेवटून दुसरं वाक्य गाळू नका. रिक्रूटरला या प्रश्नांची उत्तरं माहीत नसतात, आणि ते कबूल करण्यापेक्षा "सगळंच करा" म्हणणं त्याला सोपं जातं. मेल पुढे पाठवायची वाट करून दिली की तो पाठवतो.

नवा_गडी

मी सध्या नोकरीत नाही. मी सहा तासच देतो म्हटलं तर ते म्हणतील, दिवसभर काय करता?

तपासनीस

म्हणूनच मसुद्यात कारण दिलेलं नाही. "नोकरी आहे म्हणून", "घरी अडचण आहे म्हणून" असं काही लिहू नका. कारण दिलं की त्यावर वाद घालता येतो. तुमच्या इतर ठिकाणीही मुलाखती चालू असतील, त्यांनाही वेळ लागतोच. फार तर "इतर प्रक्रियाही चालू आहेत" एवढं पुरे.

सावध_पाऊल

मसुदा चांगला आहे, मान्य. पण माझा मुद्दा तसाच राहतो. समजा कंपनीने "चार तास" सांगितलं. तुम्ही प्रामाणिकपणे चार तासांत थांबलात, शेजारच्याने वीस तास घालून चकचकीत करून दिलं. तपासणाऱ्याला फक्त चकचकीतपणा दिसणार. मग मर्यादा विचारून काय मिळालं?

तपासनीस

याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. घरी करायच्या कामात तास मोजता येत नाहीत. नंतर कामावर बोलणी असतील तर थोडं कळतं. वीस तासवाल्याला "हे असं का केलं?" विचारलं की तो सांगू शकतो, आणि चारवाला काय सोडलं ते सांगू शकतो. दोघंही चालतात. बोलणं नसेल तर जास्त तास घालणारा जिंकण्याची शक्यता आहेच. म्हणूनच मसुद्यातला तिसरा प्रश्न मला पहिल्याइतका महत्त्वाचा वाटतो.

काही ठिकाणी लिंक उघडल्यावर घड्याळ सुरू होतं आणि ठरलेल्या तासांनी बंद. ते सगळ्यांना सारखं असतं. पण तिथेही विचारा, घड्याळ मी निवडलेल्या दिवशी सुरू करता येईल ना, आणि मध्ये थांबवता येतं का?

फटकळ

या सगळ्या चाचण्या निरुपयोगी आहेत हे सिद्ध झालेलं असताना एवढी मांडणी कशाला?

रात्रपाळी

कुठे सिद्ध झालंय? निवडीच्या पद्धतींवर श्मिट आणि हंटर यांचा १९९८ चा मोठा आढावा आहे, त्यात प्रत्यक्ष काम करून दाखवण्याची चाचणी सगळ्यात वरच्या पद्धतींमध्ये होती, नंतरच्या कामगिरीशी सहसंबंध ०.५४. पुढे २००५ मध्ये रॉथ आणि सहकाऱ्यांनी पुन्हा हिशोब केला तेव्हा ते ०.३३ च्या आसपास उतरलं. म्हणजे आधी वाटलं तेवढी भारी नाही, पण निरुपयोगीही नाही. आणि हे आकडे चाचणी घेण्याबद्दलचे आहेत, तिच्या लांबीबद्दलचे नाहीत. चार तासांऐवजी वीस तास घेतले म्हणून माणूस पाचपट ओळखता येतो असं त्यातून निघत नाही.

नवा_गडी

पैसे मागावेत का? कोणीच लिहिलं नाही.

रात्रपाळी

देणारे आहेत. वर्डप्रेस डॉट कॉम चालवणारी ऑटोमॅटिक कंपनी उमेदवारांकडून ट्रायल प्रकल्प करून घ्यायची आणि त्याचे तासाला २५ डॉलर द्यायची, असं त्यांच्या प्रमुखांनी २०१४ मध्ये जाहीर लिहिलं होतं. सगळ्यांना एकच दर, पद कोणतंही असो. म्हणजे मागणं जगावेगळं नाही. माझ्या मते सहा तासांपर्यंत मागू नये, पूर्ण कामाचा दिवस ओलांडला की मागावं.

शब्दवेल्हाळ

मी तीनशे शब्दांच्या वर मागते. रेषा प्रत्येकाने आपापली आखावी, पण काम सुरू करण्याआधी सांगावी. काम दिल्यावर पैशाचा विषय काढला तर हसतात.

सावध_पाऊल

पहिल्या नोकरीसाठी धडपडणाऱ्याने पैसे मागून बघावेत आणि मग इथे येऊन काय झालं ते लिहावं.

कोरी_पाटी

उत्तर आलं, दुसऱ्याच दिवशी. मी मसुदा थोडा आटोपशीर करून पाठवला होता. त्यांचं म्हणणं: "तीन ते चार तासांचं काम अपेक्षित आहे. लॉगिन नकली चालेल. होस्टिंग नको. आलेख मात्र हवा, एक पुरे. आमचे सीनियर इंजिनियर पाहतील. चर्चेबद्दल नंतर कळवू. मुदत वाढवता येणार नाही."

म्हणजे १९ तासांची यादी आणि अपेक्षा तीन-चारची! विचारलं नसतं तर मी पाचही रात्री जागून तीन भूमिकांचं लॉगिन करत बसले असते. पण आलेख आत आला, तर मी काय बाहेर काढू? आणि "चर्चेबद्दल नंतर कळवू" याचा अर्थ काय लावायचा?

तपासनीस

आलेख एक आणि तोही लायब्ररीतला, तास पुरे. फिल्टर एकच ठेवा, ऑर्डरच्या स्थितीचा. भूमिका बदलायचं बटणही काढा, त्यांनी लॉगिनवर जोर दिलेला नाही. मोबाईलसाठी यादी आडवी सरकली तरी चालेल, README मध्ये तसं लिहा. टेस्ट फक्त शोध, फिल्टर आणि पानं यांच्या एकत्र वागण्याच्या. वर सांगितलेली रिकाम्या यादीची चूक पकडणारी एक टेस्ट असली तरी मला पुरेशी वाटेल.

"नंतर कळवू" म्हणजे बहुधा अजून ठरलेलं नाही. पुन्हा विचारू नका, पण काम पाठवताना मेलच्या शेवटी "यावर बोलायला आवडेल" एवढं टाका.

फटकळ

आणि हे दिल्यावर "आता यात एवढं वाढवून द्या" असा मेल आला तर?

तपासनीस

येतो असा. वाढीव काम म्हणजे नवी असाइनमेंट धरायची आणि पुन्हा तेच विचारायचं, किती तास आणि कशासाठी. मी स्वतः अशी वाढ कधी मागितलेली नाही. बोलताना तोंडी विचारतो, "इथे परतावा कसा दाखवाल?" दहा मिनिटांत कळतं.

कोरी_पाटी

शेवटचा प्रश्न. README मध्ये किती तास लागले ते लिहू का? ते तीन-चार म्हणाले आहेत आणि माझे सहा होणार, हे मला आत्ताच दिसतंय.

सावध_पाऊल

अजिबात लिहू नका. सहा वाचलं की हळू काम करते म्हणतील, चार लिहिलं तर खोटं होईल.

तपासनीस

मी लिहायला सांगेन. "सुमारे सहा तास, त्यातला एक प्रकल्प उभा करण्यात" असं. मला तपासताना त्याचा उपयोग होतो, आणि चार तासांचा अंदाज चुकीचा होता हे त्या कंपनीला दुसऱ्या कोणत्या वाटेने कळणार?

रात्रपाळी

कंपनीचं शिक्षण करणं हे उमेदवाराचं काम नाही, तपासनीस. तास न लिहिता "वेळेअभावी वगळलेलं" अशी यादी द्यावी, त्यात खोटंही नाही आणि आकडाही नाही.

शब्दवेल्हाळ

पण त्यांनी बोलताना थेट विचारलं, किती वेळ लागला, तर?

रात्रपाळी

तर सहा सांगायचं. थेट विचारल्यावर आकडा लपवू नये, पण आपणहून द्यावा असं मला अजूनही वाटत नाही.